कापूस वेचणाऱ्या बायांच्या आठवणी : मुद्रितशोधनासाठी सूचना

ताई, नमस्कार.

पुस्तिकेची ९६ पानं सोबत पाठवली आहेत. काम फक्त मुद्रितशोधनाचं आहे. शुद्धलेखन, विरामचिन्हं, सुटलेली अक्षरं आणि पानांचे क्रमांक तेवढे पाहावेत. वाक्यरचना बदलू नये. अर्थच लागत नसेल, तर समासात प्रश्नचिन्ह टाका, मी त्या बाईंना विचारून कळवीन.

निवेदनाला साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम. अंक देवनागरी, संवादाला दुहेरी अवतरण. निवेदनात 'केलं, गेलं' अशी बोलती रूपं ठेवली आहेत, त्यांचं 'केले, गेले' करू नका.

अवतरणातल्या वऱ्हाडीला मात्र हात लावायचा नाही. 'मले', 'तुले', 'जाऊन राह्यली' हे सगळं जसंच्या तसं. एकच बाई एका पानावर 'कापूस' आणि पुढच्यावर 'कापुस' म्हणत असेल, तर ती आमची टायपिंगची चूक, ती खुशाल दुरुस्त करा. पण दोन बाया एकच गोष्ट दोन तऱ्हेनं सांगतात, तिथं एकसारखेपणा आणू नका. ओव्याही तशाच, ओळ तोडणं आमच्यावर सोडा. गावांची, वाणांची नावं आम्ही तपासली आहेत.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' फार बिघडले आहेत. 'पऱ्हाटी' जवळजवळ प्रत्येक पानावर आहे, तेवढी नजर ठेवा.

पहिली ४८ पानं सोमवारी, उरलेली शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हवीत. खुणा छापील प्रतीवर लाल शाईनं करून फोटो पाठवले तरी चालेल, इथं नेट रात्रीच बरं चालतं. मानधन पानाला २५ रुपये, काम मिळालं की आठवड्याभरात.