मोडी कागदपत्रांचे वाचन : दोन दिवसीय चर्चासत्राचा अहवाल

प्रति,
मा. प्राचार्य

विषय : दि. १७ व १८ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या चर्चासत्राचा अहवाल व जमाखर्च सादर करणेबाबत

महोदय,

इतिहास विभागाने आपल्या मंजुरीने हे चर्चासत्र महाविद्यालयाच्या ग्रंथालय सभागृहात घेतले. ६२ जणांनी नोंदणी केली : ४१ विद्यार्थी, ९ शिक्षक, ७ वकील आणि ५ इतर. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून जुने मोडी दप्तर वाचून देणाऱ्याला मागणी वाढली आहे. वकील मंडळी त्यासाठीच आली होती, आणि त्यांनी ते लपवलेही नाही.

उद्दिष्टे

मुळाक्षरांचा तक्ता पाठ असूनही समोर खरे पत्र आले की आमचे विद्यार्थी अडतात. तक्त्यापासून कागदापर्यंत त्यांना नेणे हे मुख्य उद्दिष्ट होते. जुनी कालगणना समजावणे आणि घरोघरी पडून असलेल्या रुमालांची काळजी कशी घ्यावी हे सांगणे, ही आणखी दोन.

सत्रे

उद्घाटन वीस मिनिटांत आटोपले. त्याबद्दल सर्वांनी आभार मानले.

पहिले सत्र पुराभिलेखागारातून निवृत्त झालेल्या मोडी वाचकांनी घेतले. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरे तिला टांगत जायचे, हे त्यांनी फळ्यावर नव्हे तर कागदावर, बोरूनेच करून दाखवले. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ दिसायला एकच. दिवस की गरीब, हे संदर्भानेच ठरते. प्रत्येकाच्या हाती बोरू दिल्यावर सभागृह अर्धा तास शांत होते.

दुपारचे सत्र कालगणनेचे. शके असेल तर ७८, फसली असेल तर ५९०, शुहूर असेल तर ५९९ मिळवायचे आणि महिन्यानुसार एखादे वर्ष पुढेमागे धरायचे. सरावाला ‘सन इसन्ने सबैन मया व अलफ’ दिले होते : दोन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७२, इसवी सन १७७१-७२. एका गटाने शक समजून ७८ मिळवले आणि थोरल्या माधवरावांच्या काळातले पत्र १२५० सालात, यादवांच्या राज्यात नेऊन ठेवले. ही चूक पुढे दोन्ही दिवस सर्वांच्या तोंडी होती. नियम त्यामुळेच लक्षात राहिला असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकावरील मोडीचे सत्र झाले. युनिकोडमध्ये मोडी २०१४ पासून आहे (U+11600 ते U+1165F), पण सभागृहातील संगणकावर फाँट नसल्याने पडद्यावर नुसते चौकोन उमटले. आदल्या दिवशी तपासणी केली नाही, ही चूक विभागाची.

शेवटचे सत्र गटवाचनाचे, आणि माझ्या मते हेच खरे चर्चासत्र. एका विद्यार्थिनीने आजोळचा रुमाल आणला होता. गाठ सोडल्यावर वाळवीची भुकटी पडली. वरचे तीन कागद गेले होते. चौथा शाबूत होता. ‘मोर्तब सूद’ तिला स्वतःला वाचता आले. या सत्राला दीड तास ठेवला होता. तीन हवे होते.

फलश्रुती

पहिल्या व शेवटच्या तासाला दहा ओळींचा एकसारख्या अवघडपणाचा उतारा वाचायला दिला. सुरुवातीला सहा ओळींच्या पुढे ११ जण गेले, शेवटी ५७ पैकी ३८. पाच जण दुसऱ्या दिवशी आले नाहीत. दोन दिवसांत कोणी मोडी वाचक होत नाही, त्यामुळे प्रमाणपत्रावर ‘सहभाग’ एवढाच शब्द ठेवला. ‘प्रशिक्षित’ लिहून द्या, असा दोघांचा आग्रह होता. तो मानला नाही.

जमाखर्च

जमा : महाविद्यालयाचे अनुदान ₹ ४५,०००, नोंदणी शुल्क (६२ × १५०) ₹ ९,३००, एकूण ₹ ५४,३००.

| खर्चाची बाब | रुपये |
|---|---|
| मानधन (चार वक्ते) | १०,००० |
| वक्त्यांचा प्रवास | ६,८४० |
| वक्त्यांचा निवास | २,८०० |
| भोजन व चहा | १९,६०० |
| कागदपत्रांच्या झेरॉक्स प्रती | ७,४५० |
| बोरू, शाई, कागद | २,३१० |
| फलक व प्रमाणपत्रे | ३,९०० |
| किरकोळ | ६४० |
| एकूण | ५३,५४० |

शिल्लक ₹ ७६० लेखा विभागात भरली आहे. झेरॉक्ससाठी ₹ ५,००० मंजूर होते. पहिल्या प्रतींत शाई पसरून अक्षरांचे काळे डाग झाल्याने त्या पुन्हा काढाव्या लागल्या. जादा ₹ २,४५० नोंदणी शुल्कातून भागवले असून त्यास कार्योत्तर मंजुरी मिळावी. किरकोळ खर्चापैकी ₹ १८० ची पावती नाही; रिक्षाची होती.

दर शनिवारी दुपारी दोन तास ग्रंथालयातील एक टेबल मोडी वाचनासाठी मिळावे. १४ जणांनी नावे दिली आहेत. वेगळा निधी नको.

सोबत : हजेरीपट, मूळ पावत्या (२३), दोन्ही चाचण्यांचे उतारे.

आपली विश्वासू,
समन्वयक, इतिहास विभाग
दि. २७ जानेवारी २०२५