पेढीच्या पन्नाशीनिमित्त मनोगत

नमस्कार. बसा, बसा. आयुष्य काउंटरमागे बोलण्यात गेलं, माइकची सवय नाही. त्यामुळे लांबवत नाही.

बाबांनी पेढी उघडली तेव्हा आत एक काटा, कसोटीचा दगड, आम्लाच्या बाटल्या आणि मागच्या खोलीत मूस ठेवायला शेगडी, एवढंच होतं. आज माझी मुलगी क्ष-किरणांच्या यंत्रावर मिनिटभरात कस सांगते. पण यंत्र वरचा थर बघतं, म्हणून शंका आली की अजूनही सोनं आटवूनच खात्री करतो.

आज आभार मानायचे आहेत ते मुख्यतः शंका घेणाऱ्यांचे. पुढच्या रांगेत बसलेल्या आजी दागिना काट्यावर ठेवला की म्हणायच्या, "आधी पंखा बंद करा." वाऱ्यानं पारडं हलतं हे त्यांना पक्कं ठाऊक! बाबा हसायचे आणि पंखा बंद करायचे. पुढे तो नियमच झाला. त्यांच्या लेकीनं खड्यांचं वजन सोन्यातून वजा करून बिलावर वेगळं लिहायला लावलं. आणि नात? ती घडणावळीचा हिशेब फोनवर मांडूनच दुकानात येते. आजीपेक्षा कडक आहे.

सगळ्यात अवघड प्रसंग मोडीचा. बावीस कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. पण जुनी बांगडी आटवली की कस त्याहून कमी भरतो आणि समोरच्याचा चेहरा उतरतो. बहुतेकदा कारण सांध्यांमधली झाळ असते. झाळ दागिन्याच्या आधी वितळायला हवी, म्हणून तिच्यात इतर धातू जास्त घालावे लागतात, आणि नाजूक कामाला सांधे जास्त. हे तोंडानं सांगून कुणाला पटत नाही, पटूही नये. म्हणून बाबांनी गिऱ्हाइकाला शेगडीजवळ खुर्ची दिली. आटवणं, तोलणं, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर. काहीजण तरीही नाराज होऊन गेले. त्यातले बरेच परत आले, आज समोर बसलेत.

आमच्या कारागिरांनी जरा उभं राहावं. लाजू नका! दागिन्यावर नाव पेढीचं असतं, हात यांचे असतात. झिजलेली कडी, सैल फिरकी, हललेला खडा, ही कामं पैशात फार बसत नाहीत. पण तुमच्या घराशी आमची ओळख टिकली ती या दुरुस्त्यांमुळे.

उद्यापासून आठवडाभर जुने दागिने घेऊन या. पैसे न घेता साफ करू, खड्यांची पकड तपासू. मोती आणि पाचूचे दागिने वेगळ्या पुडीत आणा. ते कंपनांच्या यंत्रात घालत नाही, हातानंच पुसतो. आणि वजन देताना एकदा, घेताना एकदा, दोन्ही वेळा बघून घ्या. पंखा आम्ही बंद करू.