विषय : अनामत रकमेचा सुधारित हिशोब (४ जुलैचं पत्र रद्द समजावं)

दि. ९ जुलै २०२५

ताई आणि दादा,

दोघांनाही सप्रेम नमस्कार.

नव्या घरात सामान लागलं असेल अशी आशा आहे. सगळ्यात आधी मुद्द्याचं सांगते : तुमच्या ६०,००० रुपये अनामतीपैकी ५५,९५२ रुपये तुम्हाला परत मिळायला हवेत. ३८,७०० रुपये ४ तारखेला जमा झालेच आहेत. उरलेले १७,२५२ रुपये आज सकाळी, तुमचं भाडं ज्या खात्यातून यायचं त्याच खात्यात पाठवले आहेत. बँकेची पोच सोबत जोडली आहे.

आता हे दुसरं पत्र का, ते. पहिलं पत्र काकांनी लिहिलं होतं, पण खाली सही आम्हा दोघांची होती, तेव्हा मी त्यातून अंग काढून घेत नाही. त्यात पाच आकडे होते आणि २१,३०० रुपयांची वजावट होती. कुठला आकडा कशाचा, हे कुठेच नव्हतं. शिवाय ‘आपल्या निष्काळजीपणामुळे’ असे शब्द होते. तीन वर्षांत एकदाही भाडं पाच तारखेच्या पुढे न गेलेल्या माणसांना आम्ही असं लिहायला नको होतं. दादांचा परवा फोन आला, तेव्हा त्यांनी आवाज न चढवता एवढंच विचारलं, “काकू, ५,०५० म्हणजे नेमकं काय?” मला उत्तर देता आलं नाही. फोन ठेवल्यावर सगळी बिलं, तुम्ही आलात तेव्हाचे आणि गेलात तेव्हाचे फोटो टेबलावर आणि मोबाइलवर समोरासमोर मांडले आणि हिशोब पहिल्यापासून केला. तो असा निघाला.

रंगापासून सुरू करते, कारण सगळ्यात मोठा आकडा तोच होता, ११,००० रुपये. तो संपूर्ण घराच्या रंगाचा खर्च आहे. तुम्ही १ जून २०२२ ला आलात आणि ३० जून २०२५ ला चाव्या दिल्यात. म्हणजे तीन वर्षं एक महिना. एवढ्या काळात आम्ही स्वतः राहिलो असतो तरी भिंती मळल्या असत्या, सोफ्यामागचा पट्टा काळवंडला असता, टीव्हीच्या पट्टीची चार भोकं पडली असती. हा राहत्या घराचा खर्च आहे, तो आमचाच. बाळाने पेन्सिलीने काढलेल्या रेघाही त्यातच धरल्या. फक्त एक गोष्ट वेगळी काढावी लागली. आतल्या खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीवर दुहेरी चिकटपट्टीने पाट्या लावल्या होत्या, त्या ओढून काढताना रंगासोबत पुट्टीही निघाली. नऊ ठिकाणी, दोन ठिकाणी तर गिलाव्यापर्यंत. रंग जुना झाला म्हणून पुट्टी पडत नाही, म्हणून तेवढ्या भिंतीची भरणी आणि घासकाम रंगाऱ्याकडून बिलात वेगळं लिहून घेतलं : १,४०० रुपये. ते वजा केले आहेत. त्यावरचा रंग धरलेला नाही.

दुरुस्तीचे ते ५,०५० रुपये तीन गोष्टींचे होते.

पहिली, न्हाणीघराबाहेरचं बेसिन. त्याला कडेला तडा गेला आहे. जड काहीतरी पडलं होतं, असं ताईंनी स्वतःच मला मार्चमध्ये सांगितलं होतं. न सांगता झाकून ठेवता आलं असतं, ते तुम्ही केलं नाहीत, हे माझ्या लक्षात आहे. नवं बेसिन २,८०० आणि प्लंबरची मजुरी ६००, असे ३,४०० झाले. पण फुटलेलं बेसिन २०१९ मधलं होतं. दहा वर्षं टिकलं असतं असं धरलं, तर सहा वर्षं आमची वापरून झाली होती आणि चारच राहिली होती. जुन्याच्या बदल्यात कोरं करकरीत बेसिन तुमच्या पैशांनी घेणं बरं दिसत नाही. म्हणून ३,४०० चे दहापैकी चार भाग, म्हणजे १,३६० रुपये. दहा वर्षं हा माझा अंदाज आहे. तुम्हाला तो कमी वाटत असेल किंवा जास्त, तर सांगा, बोलू.

दुसरी, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या. दोन ट्रॉल्यांची चाकं झिजून त्या अडकत होत्या. रोज वीस वेळा ओढल्यावर चाकं झिजणारच. रद्द.

तिसरी, न्हाणीघराच्या दाराचा खालचा फुगलेला भाग. इथे मात्र आमची सरळ चूक आहे. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी मीच काढलेल्या फोटोत ते दार तसंच फुगलेलं दिसतं. दारासाठी १,०५० रुपये लावले होते. तेही रद्द, आणि त्याबद्दल माफी मागते.

स्वच्छतेचे २,५०० रुपये हा तर ठोकून लावलेला आकडा होता. घर तुम्ही झाडून-पुसून दिलं होतं, गॅलरीची जाळीसुद्धा धुतली होती. राहिली होती ती फक्त चिमणी. तिची गाळणी आणि आतला पंखा तेलाने घट्ट झाला होता. तुम्हाला घर देताना ती साफ करून दिली होती, त्याची पावती जपून ठेवलेली सापडली, आणि जशी दिली तशी परत मिळावी एवढंच म्हणणं आहे. यंदाच्या सफाईचे ८०० रुपये लागले, तेवढेच धरले.

कुलूप. तुम्हाला तीन चाव्या दिल्या होत्या, दोन परत आल्या. पहिल्या पत्रात नव्या कुलपाचे १,४५० लावले होते. पण खरं सांगायचं तर भाडेकरू बदलला की कुलूप आम्ही दर वेळी बदलतोच, तिन्ही चाव्या मिळाल्या असत्या तरी बदललं असतं. ते जुनं कुलूप आता खालच्या कोठीला लावलं आहे आणि त्याची तिसरी चावी करून घेतली. १५० रुपये. सामान उघडताना हरवलेली चावी सापडली तर फेकून द्या, त्यासाठी इथपर्यंत येऊ नका.

विजेचं. ८ जूनपर्यंतचं बिल तुम्ही भरलं आहे. त्या बिलावर मीटरचा आकडा १४,२३६ छापलेला आहे. ३० जूनला संध्याकाळी दादा आणि काकांनी मिळून फोटो काढला, त्यात १४,३७१ आहे. म्हणजे १३५ युनिट. मागच्या बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागलं, स्थिर आकार वगैरे सगळं धरून, तर युनिटमागे ८ रुपये ८० पैसे येतात. त्या दराने १,१८८ रुपये. पहिल्या पत्रात अंदाजाने १,३०० घेतले होते. खरं बिल अजून हातात आलेलं नाही. ते आलं की त्याचा फोटो पाठवीन. जास्त घेतले असतील तर फरक त्याच दिवशी परत करीन, कमी पडले तर सोडून देईन.

आणि एक रक्कम उलट्या बाजूची, जी तुम्ही मागितलीच नाही. गेल्या डिसेंबरात गिझरची कॉइल गेली, तेव्हा आम्ही गावाला होतो. मी फोनवर म्हणाले होते, “तुम्ही करून घ्या, नंतर बघू.” ते ‘नंतर’ राहूनच गेलं. तुमच्या मेसेजमध्ये ८५० रुपयांचं बिल अजून आहे. ते पैसे आमच्याकडून यायला हवे होते, म्हणून तुमच्या बाजूला जमा केले.

एका नजरेत दिसावं म्हणून :

अनामत रक्कम : ६०,००० रुपये

वजावट
भिंतीची पुट्टी : १,४००
बेसिन (दहापैकी चार भाग) : १,३६०
वीज, १३५ युनिट : १,१८८
चिमणीची सफाई : ८००
चावी : १५०
एकूण : ४,८९८

तुमच्या बाजूला जमा, गिझर : ८५०
निव्वळ वजावट : ४,०४८

परत करायची रक्कम : ५५,९५२
४ जुलैला दिले : ३८,७००
आज पाठवले : १७,२५२

जूनचं भाडं पूर्ण मिळालं आहे, त्याची बाकी काही नाही. नोटीस तुम्ही तीस दिवसांऐवजी अठ्ठावीस दिवस आधी दिली होती, असं काकांनी मोजून काढलं. ते मी हिशोबात घेतलेलं नाही, आणि त्यांचंही आता काही म्हणणं नाही.

रंगारी, प्लंबर आणि चिमणीवाला या तिघांची बिलं, चावीची पावती, मीटरचे दोन्ही आकडे, आणि आधीचे-नंतरचे मिळून अकरा फोटो सोबत आहेत. फुटलेलं बेसिन टाकून दिलेलं नाही. गॅलरीत ठेवलं आहे, २२ जुलैपर्यंत तिथेच राहील. बघायचं असेल तर संध्याकाळी कधीही या.

आज पाठवलेले पैसे तुम्ही ठेवलेत म्हणजे हा हिशोब तुम्हाला मान्य झाला, असं मी धरणार नाही. ते पैसे तुमचेच आहेत. वरच्या पाच वजावटींपैकी एखादी पटत नसेल तर निःसंकोच लिहा किंवा फोन करा, फोन मी घेईन. भिंतीबद्दल कदाचित तुमचं वेगळं मत असेल. पाट्या लावायच्या आधी तुम्ही मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं, हे मला आठवतंय. लावायला हो म्हटलं होतं, काढताना पुट्टी निघेल हे तेव्हा दोघींच्याही डोक्यात नव्हतं. तुम्हाला ते १,४०० निम्मे-निम्मे वाटून घ्यावेसे वाटले तर माझी तयारी आहे.

तुमच्या नावाची दोन पाकिटं आली आहेत, एक बँकेचं आणि एक बाळाच्या शाळेचं. नवा पत्ता कळवलात तर कुरिअर करते. नव्या घरमालकांना आमच्याकडे चौकशी करायची असेल तर खुशाल माझा नंबर द्या.

तुमची,
काकू
(तळमजला)

ता. क. – गॅलरीतली तुळशीची कुंडी राहिली आहे की मुद्दाम ठेवलीत? पाणी घालतेय.