दाखला अडकलाय: अक्षयचे मेसेज आणि ताईनं लिहिलेला अर्ज

अक्षय: ताई जाम वैताग आलाय बघ, उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म २ जूनला सेतूत भरला, आज ३ जुलै, अजून पत्ता नाय. १८ ला गेलतो, २५ ला गेलतो, परवा १ तारखेला पण गेलो, नुसतं उद्या या उद्या या. चपला झिजल्या

अक्षय: तलाठी म्हणत्यात मी रिपोर्ट कधीच दिलाय, आणि तहसीलला गेलं की म्हणत्यात आमच्याकडं आलाच नाय. आता कुणाचं खरं मानायचं. कॉलेजात १० तारखेच्या आत द्यायचाय, फी सवलत गेली तर अप्पा मलाच बोलणार. तूच लिही कायतरी कडक

ताई: कडक नको, तारखा घालते. आणि तलाठी खोटं की क्लार्क खोटा ते आपण कशाला ठरवायचं, फाईल कुठं आहे तेवढं विचारू. फॉर्म अप्पांच्या नावानं भरलाय ना? मग हा पण त्यांच्याच नावानं, सही त्यांची घे.

दिनांक: ३ जुलै २०२५

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, जि. सांगली

विषय: उत्पन्नाचा दाखला मुदतीत न मिळाल्याबाबत.

महोदय,

मी खाली सही करणार शिवाजी दत्तू पाटील, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दि. २ जून २०२५ रोजी सेतू केंद्रात अर्ज केला आहे. या सेवेची मुदत १५ दिवसांची असून ती संपली आहे. माझा मुलगा अक्षय याने दि. १८ जून, २५ जून व १ जुलै रोजी कार्यालयात समक्ष चौकशी केली, परंतु दाखला मिळाला नाही.

तलाठी कार्यालयातून अहवाल पाठवल्याचे सांगण्यात येते, तर आपल्या कार्यालयात तो प्राप्त नसल्याचे सांगण्यात येते. तरी माझे प्रकरण सध्या कोणत्या स्तरावर प्रलंबित आहे, ते कळवावे.

मुलाच्या फी सवलतीसाठी हा दाखला महाविद्यालयात दि. १० जुलैपर्यंत सादर करावयाचा आहे. तरी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार दाखला तातडीने मिळावा, अथवा विलंबाचे कारण लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
शिवाजी दत्तू पाटील

सोबत: सेतू केंद्राच्या पोचपावतीची झेरॉक्स

अक्षय: चपलांचं लिहिलं नायस

ताई: तीन तारखा लिहिल्यात की, त्यातच आल्या तुझ्या चपला. दोन प्रती काढ, एक आवक टेबलवर दे आणि दुसरीवर शिक्का न तारीख मारून घे, नाय मारला तर तिथनं हलू नको. तो शिक्का असला तर पुढं अपील करायला बरं पडतं

अक्षय: आणि अप्पा इंग्रजीत सही करतात ती चालंल का

ताई: फॉर्मवर केलीय तशीच करू दे