काच वाहत नाही: माझ्या लेखातली दुरुस्ती

ताई, मनापासून आभार. तुम्ही सगळ्यांसमोर चूक दाखवलीत, म्हणून उत्तरही सगळ्यांसमोरच देतो.

परवाच्या लेखात मी लिहिलं होतं, "काच हा खरं तर अतिशय संथ वाहणारा द्रव आहे. म्हणूनच शेकडो वर्षांच्या खिडक्यांची तावदानं खाली जाड आणि वर पातळ झालेली दिसतात." यातलं पहिलं वाक्य चुकीचं आहे आणि दुसऱ्यातलं 'म्हणूनच' तर साफ चुकीचं.

तुमचा एक प्रश्न मला निरुत्तर करून गेला: "काही तावदानांची जाड कड वर किंवा बाजूला असते, तिथे काच कुठे वाहिली?" हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. लहानपणी ऐकलेली गोष्ट डोक्यात पक्की बसली होती. पुढे खाली जाड असलेलं एक तावदान पाहिलं आणि तोच पुरावा धरला. बाकीची तावदानं मी तपासलीच नाहीत.

तुम्ही सांगितल्यावर वाचून खात्री करून घेतली. पूर्वी काचेचा फुगा फुंकून, तो उघडून, गरगर फिरवत त्याची थाळी करायचे आणि तिच्यातून तावदानं कापायचे. त्या थाळीची जाडी सगळीकडे सारखी येतच नसे. म्हणजे तो फरक कारखान्यातूनच आलेला! आजच्या सपाट काचेत तो दिसत नाही, कारण ती वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात. ही पद्धत 1950च्या दशकातली. तुमचं दुर्बिणीचं उदाहरण तर फारच चपखल आहे. यर्कीज वेधशाळेच्या 1897 सालच्या दुर्बिणीचं भिंग एक मीटरहून थोडं मोठं आहे. काच वाहत असती, तर इतक्या वर्षांत त्याचा आकार बिघडून प्रतिमा केव्हाच फिसकटली असती. दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन काचेची भांडीही आपला आकार राखून आहेत.

एक गोष्ट मात्र लेखात ठेवतो आहे, कारण ती तुम्हीही मान्य केली आहे: काचेतल्या अणूंची रचना द्रवासारखी अस्ताव्यस्त असते, स्फटिकासारखी शिस्तबद्ध नसते. गैरसमजाचं मूळ बहुधा इथेच असावं. पण रचना अस्ताव्यस्त असली म्हणून पदार्थ वाहतोच, असं नाही.

मूळ वाक्य पुसलेलं नाही. त्यावर रेघ मारून खाली हे लिहिलं आहे: "दुरुस्ती: काच हा अस्फटिकी घन पदार्थ आहे आणि नेहमीच्या तापमानाला ती वाहत नाही. जुन्या तावदानांची कमी-जास्त जाडी ही ती बनवण्याच्या पद्धतीमुळे आलेली आहे. ही चूक एका जाणकार वाचक ताईंनी लक्षात आणून दिली." तुमचं नाव घातलेलं चालणार असेल तर सांगा, लगेच घालतो.

ज्यांनी तो लेख पुढे पाठवला असेल, त्यांनी कृपया ही दुरुस्तीही त्याच मंडळींना पाठवावी. एका शिक्षकांनी तो वर्गात वाचून दाखवल्याचं कळवलं होतं. त्यांना मी आज सकाळीच स्वतंत्रपणे लिहिलं आहे.