कडबा कुट्टी 2 एचपी डेमो | उसाचं वाडं, मका, कडबा | शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

चार-पाच म्हशींच्या गोठ्यासाठी आमच्याच कारखान्यात बनवलेली कुट्टी. सिंगल फेज मोटर, दोन पाती, ओला चारा ताशी साधारण 400 किलो. वाळल्या कडब्याला वेग कमी पडतो, तेही 2:40 ला दाखवलंय. वाडं बुडख्याकडून घाला. शेंड्याकडून घातलं की रोलरला गुंडाळतं. अडकलं तर हात घालायचा नाही, उलटा गिअर टाकायचा. आवाज मुद्दाम खराच ठेवलाय, गाणं लावलेलं नाही.

डीलर, दूध संस्था: पाच नगांपासून वेगळा दर, जीएसटी बिल, पात्यांचा जादा जोड सोबत. फोन नंबर व्हिडिओच्या शेवटच्या पाटीवर. सोमवारी कारखाना बंद.

टॅग: कडबा कुट्टी, चाफ कटर, वाडं कुट्टी, गोठा, कोल्हापूर