रु. 1,05,000 चा परतावा उर्वरित रकमेवरील हक्क राखून स्वीकारण्याबाबत

दिनांक: 5 जानेवारी 2026
स्पीड पोस्टाने पोचपावतीसह, तसेच ईमेलने

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मंगल कार्यालय,
सिंहगड रस्ता, पुणे

विषय: 30 नोव्हेंबर 2025 च्या विवाहासाठीची नोंदणी आपण रद्द केल्याबद्दल देऊ केलेला भाग-परतावा

संदर्भ: आपली पावती क्र. 214, दि. 14 जून 2025. माझे मागणीपत्र, दि. 10 डिसेंबर 2025. आपले तडजोडपत्र, दि. 26 डिसेंबर 2025 व सोबतचा धनादेश क्र. 003318

महोदय,

आपले पत्र आणि रु. 1,05,000 चा धनादेश मला 30 डिसेंबरला मिळाला. सात दिवसांत उत्तर द्यावे असे आपण लिहिले आहे, त्याप्रमाणे मुदतीत हे उत्तर देत आहे. धनादेश मी अजून बँकेत भरलेला नाही. तो माझ्याजवळ जसाच्या तसा आहे, आणि का भरला नाही हे या पत्रातून कळेल.

आधी मुद्द्याचे सांगतो. देऊ केलेले रु. 1,05,000 घ्यायला मी तयार आहे. ही रक्कम माझीच आहे, याबद्दल तुमच्या-माझ्यात वाद नाही. पण "पूर्ण व अंतिम तडजोड म्हणून मिळाले, यापुढे कोणताही दावा राहिला नाही" अशी जी पावती सही करून परत पाठवायला आपण सांगितले आहे, तिच्यावर मी सही करणार नाही. रक्कम मी भाग-परतावा म्हणून, हक्क राखून स्वीकारीन. तसा मजकूर असलेली, सही केलेली पावती सोबत जोडली आहे.

नोकरीची बरीच वर्षे मी रेल्वेत मालाच्या नुकसानीचे दावे हाताळण्यात घालवली. तिथे हाच प्रकार असायचा: धनादेशासोबत एक पत्र जायचे की ही रक्कम अंतिम आहे, मान्य नसेल तर धनादेश परत करा. पुष्कळ व्यापारी धनादेश वटवायचे आणि मग उरलेल्या रकमेसाठी भांडायला यायचे. 2006 मध्ये भगवती प्रसाद पवन कुमार विरुद्ध भारत सरकार या रेल्वेच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा अटीसह आलेला धनादेश आधी हरकत न कळवता वटवला, तर तो प्रस्ताव कृतीने स्वीकारल्यासारखे होते. नंतर केलेल्या तक्रारीचा उपयोग नाही. म्हणून माझी हरकत मी धनादेश भरण्यापूर्वी, लेखी नोंदवत आहे. ही अट मला मान्य नाही.

आता हिशेब. 14 जून 2025 रोजी मी आपल्याकडे एकूण रु. 1,66,600 भरले. त्यात सभागृहाचे भाडे रु. 1,20,000, त्यावरील 18 टक्के जीएसटी रु. 21,600 आणि परत मिळणारी अनामत रु. 25,000. आपण देऊ केलेल्या रकमेत भाड्यातून 25 टक्के म्हणजे रु. 30,000 "रद्दीकरण शुल्क" म्हणून, अनामतीतून रु. 10,000 "पूर्वतयारी व साफसफाई" म्हणून आणि संपूर्ण जीएसटी "शासनाकडे जमा झाल्याने" कापला आहे. ही कपात होते रु. 61,600. तिन्ही कपाती मला अमान्य आहेत.

रद्दीकरण शुल्कासाठी आपण नियमावलीतील कलम 7 दाखवले आहे. माझ्याकडच्या प्रतीत ते कलम असे आहे: "कार्यक्रमाच्या आधी 30 दिवसांच्या आत पक्षकाराने नोंदणी रद्द केल्यास भाड्याच्या 25 टक्के रक्कम कापण्यात येईल." पक्षकार मी. नोंदणी रद्द केली आपण. 6 नोव्हेंबरला दुपारी आपल्या कार्यालयातून फोन आला, आणि त्याच संध्याकाळी "छताच्या तातडीच्या दुरुस्तीमुळे सभागृह उपलब्ध होणार नाही" असा व्हॉट्सॲप संदेशही आला. तो माझ्या फोनमध्ये आहे. लग्नाला तेव्हा चोवीस दिवस उरले होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या. जागा देणाऱ्याने शब्द मोडायचा आणि दंड वधूपित्याने भरायचा, असे कलम 7 कुठेही म्हणत नाही.

दुरुस्तीबद्दल फार लिहिण्याची माझी इच्छा नव्हती. पण आपण पत्रात "आमच्या नियंत्रणाबाहेरील कारण" असे पुन्हा लिहिले आहे, म्हणून लिहावे लागते. 30 नोव्हेंबरला सकाळी माझे मेहुणे धायरीहून आमच्या नव्या कार्यालयाकडे येताना आपल्या दारावरून आले. कमानीला झेंडूची तोरणे होती, सनई लागली होती आणि पाटीवर दुसऱ्याच वधूवरांची नावे होती. त्यांनी काढलेली दोन छायाचित्रे, तारीख-वेळेसह, माझ्याकडे आहेत. छताची दुरुस्ती त्याआधीच पूर्ण झाली असेल, तर त्याची बिले आपल्याकडे असणारच. ती पाहायला मला आवडतील. आणि त्या दिवशी सभागृह भाड्याने गेले असेल, तर आपले नेमके काय नुकसान झाले ज्याच्या भरपाईसाठी माझे रु. 30,000 ठेवून घ्यायचे, हेही कळवावे. करारात रक्कम लिहिलेली असली तरी भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 74 वाजवी भरपाईच देते, आणि तीही करार मोडलेल्या पक्षाकडून दुसऱ्याला.

साफसफाईचे रु. 10,000 मला समजलेच नाहीत. ज्या सभागृहात आमच्याकडच्या एकाही माणसाचे पाऊल पडले नाही, ते आमच्यामुळे अस्वच्छ कसे झाले?

जीएसटीचे मात्र नीट लिहितो, कारण इथे आपल्या हिशेबनिसाचा प्रामाणिक गैरसमज झालेला असू शकतो. आगाऊ रक्कम घेतल्यावर पुढे सेवाच दिली गेली नाही आणि कर बीजकही काढले नाही, तर केंद्रीय जीएसटी अधिनियम, 2017 च्या कलम 31(3)(ई) प्रमाणे रक्कम भरणाऱ्याला परतावा व्हाउचर देता येते. बीजक आधीच काढले असेल, तर कलम 34 खाली क्रेडिट नोट काढून कर समायोजित करता येतो, आणि चालू आर्थिक वर्षातील व्यवहारासाठी त्याची मुदत 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत आहे. म्हणजे भरलेला कर आपल्याला सोडवून घेता येतो. तो माझ्या खिशातून जाण्याचे कारण नाही. आपण बीजक काढले होते की केवळ पावती दिली होती, एवढे कळवले तर कोणता मार्ग लागू होतो ते दोघांनाही स्पष्ट होईल.

या रु. 61,600 शिवाय आपण नोंदणी मोडल्यामुळे झालेला खर्च वेगळा आहे. ऐन हंगामात, एकोणीस दिवस उरले असताना, वारज्यात जे कार्यालय मिळाले त्याचे भाडे जीएसटीसह रु. 2,06,500 द्यावे लागले, आपल्याकडच्या रु. 1,41,600 पेक्षा रु. 64,900 जास्त. स्थळ बदलल्याने 350 पत्रिका पुन्हा छापल्या, त्याचे रु. 8,750. मिळून रु. 73,650. करार अधिनियमाच्या कलम 73 खाली ही रक्कम मी मागू शकतो. पाहुण्यांना एकेकाला फोन करून पत्ता बदलल्याचे सांगण्यात माझ्या पत्नीचा दिवाळीनंतरचा सगळा वेळ गेला. त्याची किंमत मी इथे धरलेली नाही. तक्रार करावी लागली तर मानसिक त्रासाची भरपाई स्वतंत्रपणे मागेन.

म्हणून आपले रु. 1,05,000 मला मिळाल्यानंतरही एकूण रु. 1,35,250 आणि त्यावर 6 नोव्हेंबर 2025 पासून द.सा.द.शे. 9 टक्के व्याज यावरील माझे सर्व हक्क कायम राहतील. रक्कम स्वीकारणे, बँकेत भरणे किंवा पावती देणे यांतून मी कोणताही हक्क सोडला असा अर्थ काढता येणार नाही.

आपल्या पत्रातील आणखी दोन अटींचे उत्तर द्यायचे राहिले. माझ्या मुलीने गूगलवर लिहिलेला अभिप्राय काढावा, ही अट मी तिला कळवली. तिचे म्हणणे, त्यातले एखादे वाक्य खोटे असेल तर दाखवावे, ती लगेच दुरुस्त करील. पैशाच्या मोबदल्यात ती तो काढणार नाही. मलाही तेच योग्य वाटते. दुसरी अट नव्हे, सवलत: पुढच्या विवाहकार्यासाठी 10 टक्के सूट. आभारी आहे, पण मला मुलगी एकच, आणि तिचे लग्न झाले.

धनादेशाचे पुढे असे करू. रक्कम भाग-परतावा म्हणून देण्यास आपली हरकत नाही, हे सोमवार, दि. 19 जानेवारी 2026 पर्यंत पत्राने किंवा ईमेलने कळवावे. तसे कळवल्यास मी धनादेश लगेच भरीन. आपण काहीच न कळवल्यास माझी हरकत आपल्याला मान्य आहे असे समजून 20 जानेवारीला भरीन. 26 डिसेंबरचा धनादेश असल्याने तीन महिन्यांच्या मुदतीत तो येतोच. आणि "पूर्ण व अंतिम" ही अट सोडायची नाही असे आपण कळवलेत, तर धनादेश न वटवता स्पीड पोस्टाने परत करीन. मग आपल्याकडून येणे रु. 1,05,000 ने कमी होणार नाही, एवढेच. नवा धनादेश नको असेल तर ही रक्कम माझ्या खात्यात एनईएफटीने पाठवली तरी चालेल. खात्याचा तपशील 10 डिसेंबरच्या पत्रात आहे. मात्र त्या व्यवहाराच्या शेऱ्यात "अंतिम" असा शब्द नसावा.

कापलेले रु. 61,600 आपण 4 फेब्रुवारी 2026 पर्यंत परत केलेत, तर नुकसानभरपाईच्या रु. 73,650 बद्दल समोरासमोर बसून बोलायला मी तयार आहे. आपण स्वतः फोनवर नेहमी सौजन्याने बोललात, हे मी विसरलेलो नाही, आणि हा वाद न्यायासनासमोर न जाता मिटावा असेच मला वाटते. तसे झाले नाही तर ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. त्यासाठी कलम 69 प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांचा अवधी मला आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्कही नाही. आयोगाने मध्यस्थी सुचवली तर त्यालाही माझी तयारी असेल.

दुरुस्तीची बिले आणि जीएसटी बीजकाची प्रत, असल्यास, आपल्या उत्तरासोबत पाठवावी ही विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
शशिकांत पाटणकर
कोथरूड, पुणे

सोबत: हक्क राखून दिलेली पावती, पावती क्र. 214 व नियमावलीची प्रत, 6 नोव्हेंबरच्या संदेशाचे चित्र, दोन छायाचित्रे, नव्या कार्यालयाची पावती, छपाईचे बिल

पावती

आपल्या दि. 26 डिसेंबर 2025 च्या धनादेश क्र. 003318 द्वारे रु. 1,05,000 (अक्षरी रुपये एक लाख पाच हजार फक्त), धनादेश वटण्याच्या अधीन, पावती क्र. 214 खाली भरलेल्या रु. 1,66,600 पैकी भाग-परतावा म्हणून मिळाले. ही रक्कम पूर्ण व अंतिम तडजोड म्हणून स्वीकारलेली नाही. उर्वरित रु. 61,600, नुकसानभरपाई रु. 73,650 व व्याज यांबाबतचे माझे सर्व हक्क राखून ही पावती देत आहे. माझे दि. 5 जानेवारी 2026 चे पत्र या पावतीचा भाग समजावे. ही पावती त्या पत्रात लिहिल्याप्रमाणे धनादेश बँकेत भरल्यानंतरच लागू होईल.

शशिकांत पाटणकर
पुणे, दि. 5 जानेवारी 2026